सीआरआर आणि एसएलआर : कर्जाला आवर घालणारी दोन प्रमाणे

रिझर्व्ह बँकेने ६ जून २०२५ रोजी रोख राखीव प्रमाण, म्हणजेच सीआरआर, ४ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आणण्याचा निर्णय जाहीर केला. सप्टेंबर ते नोव्हेंबर २०२५ या काळात पाव-पाव टक्क्याच्या चार टप्प्यांत ही कपात अमलात आली. तिच्यामुळे बँकांच्या हाती सुमारे अडीच लाख कोटी रुपये मोकळे होतील, असे रिझर्व्ह बँकेने निर्णयाच्या वेळी सांगितले होते. वृत्तपत्रांतून आणि शाखांतून या निर्णयाची पुष्कळ चर्चा झाली.

त्याआधी वैधानिक रोखता प्रमाण, म्हणजेच एसएलआर, असेच टप्प्याटप्प्याने खाली आले होते. २०१८ च्या अखेरीस ते साडेएकोणीस टक्के होते आणि ११ एप्रिल २०२० पासून ते १८ टक्के झाले. ही दीड टक्क्याची कपात आकड्याने सीआरआरच्या कपातीहून मोठी होती. तरीही तिची दखल जाणकारांखेरीज फारशी कोणी घेतली नाही आणि तिच्यामुळे कर्जांना भरती आली, असेही कोणी म्हटले नाही. ठेवींतून काही भाग बाजूला काढून ठेवण्याचे हे दोन्ही नियम वरकरणी जुळ्या भावंडांसारखे दिसतात. मग एकाच्या एका टक्क्याला एवढे वजन का आणि दुसऱ्याच्या दीड टक्क्याला एवढे कमी का? या प्रश्नाचे उत्तर, बाजूला काढलेले पैसे पुढे कोठे जातात, यात आहे.

एकाच पायावर दोन मोजमापे

दोन्ही प्रमाणे एकाच रकमेवर मोजली जातात. बँकेच्या परिभाषेत तिला निव्वळ मागणी व मुदत देणी असे नाव आहे. चालू खात्यांतील शिल्लक, बचत खाती, मुदत ठेवी, आवर्ती ठेवी आणि बँक जनतेला देणे लागते अशा तत्सम रकमा यांत येतात. बँकांनी एकमेकींना द्यायच्या रकमांची वजावट केली जाते म्हणून ‘निव्वळ’ हा शब्द आला. भागभांडवल आणि राखीव निधी हे ठेवीदारांचे पैसे नसल्यामुळे ते या मोजणीत येत नाहीत.

सीआरआरचा आधार १९३४ च्या रिझर्व्ह बँक कायद्याचे कलम ४२ हा आहे. त्यानुसार देणींचा ठरावीक हिस्सा बँकेने रिझर्व्ह बँकेतील आपल्या खात्यात रोख स्वरूपात ठेवायचा असतो. त्यावर व्याज मिळत नाही. ते देण्याची पद्धत २००७ मध्ये बंद झाली. शाखेच्या तिजोरीत कितीही नोटा असल्या तरी त्या सीआरआरमध्ये धरल्या जात नाहीत, हे कर्मचारीवर्गातही पुष्कळांना ठाऊक नसते. सायंकाळी रोखपालाने मोजून बंद केलेली रक्कम एसएलआरच्या हिशेबात येते, सीआरआरच्या नाही.

एसएलआरचा आधार १९४९ च्या बँकिंग नियमन कायद्याचे कलम २४ हा आहे. हे प्रमाण रोख रक्कम, सोने किंवा मान्यताप्राप्त रोखे यांपैकी कशातही राखता येते. मान्यताप्राप्त रोखे म्हणजे मुख्यत्वे केंद्र सरकारचे दीर्घ मुदतीचे रोखे, ट्रेझरी बिले आणि राज्य सरकारांची विकास कर्जे. हे रोखे तारणमुक्त असावे लागतात. व्यवहारात जवळजवळ सारे एसएलआर सरकारी रोख्यांतच असते, कारण सोने व्याज देत नाही आणि नोटाही देत नाहीत.

मोजण्याच्या रीतीतही फरक आहे. सीआरआर पंधरवड्याच्या सरासरीने पाळायचा असतो. मात्र कोणत्याही दिवशी शिल्लक आवश्यक रकमेच्या ९० टक्क्यांखाली जाऊन चालत नाही. एसएलआर रोजच्या रोज पूर्ण असावा लागतो. दोन्हींसाठी आधार धरला जातो तो आधीच्या दुसऱ्या पंधरवड्याच्या अखेरच्या दिवसाच्या देणींचा, म्हणजे हिशेब जुळवायला बँकेला थोडी उसंत मिळते. हा पंधरवडा पूर्वी शनिवारपासून त्यानंतरच्या दुसऱ्या शुक्रवारपर्यंत मोजला जात असे. २०२५ च्या बँकिंग कायदे सुधारणा अधिनियमाने ती पद्धत बदलून महिन्याची १ ते १५ तारीख आणि १६ ते अखेर अशी विभागणी केली आहे.

हजार कोटींची एक बँक

समजा, एका बँकेची देणी १,००० कोटी रुपये आहेत. हिशेब सोपा राहावा म्हणून तिचे स्वतःचे भांडवल बाजूला ठेवू. ३ टक्के सीआरआरप्रमाणे तिने ३० कोटी रुपये रिझर्व्ह बँकेत ठेवले. १८ टक्के एसएलआरप्रमाणे तिला १८० कोटींचे रोखे आवश्यक आहेत. पुस्तकी गणित येथेच थांबते आणि उरलेले ७९० कोटी कर्जासाठी मोकळे आहेत, असे सांगते.

प्रत्यक्षातील बँक बहुधा असे करीत नाही. ती आवश्यकतेहून अधिक रोखे बाळगते. आपल्या बँकेजवळ २६० कोटींचे रोखे आहेत, असे धरू. म्हणजे ३० कोटी रोख, २६० कोटी रोखे आणि ७१० कोटी कर्जे. ८० कोटींचे जादा रोखे तिने कोणाच्या सक्तीने घेतलेले नाहीत. कर्जांना पुरेशी चांगली मागणी नसेल, भांडवल अपुरे असेल किंवा अचानक पैसे काढले जाण्याची तरतूद करायची असेल, तर बँक असे रोखे घेते. कर्जासाठी भांडवल राखावे लागते. केंद्र सरकारच्या रोख्यांत पतजोखीम शून्य धरली जात असल्यामुळे तेथे तो भार पडत नाही.

आता सीआरआर एका टक्क्याने वाढला असे समजू. बँकेला आणखी १० कोटी रुपये रिझर्व्ह बँकेत भरायचे आहेत, आणि ते रोखीनेच. जादा रोख्यांपैकी १० कोटींचे रोखे विकणे, ते गहाण ठेवून रेपोने उसने घेणे किंवा परत येणाऱ्या कर्जांच्या जागी नवी कर्जे न देणे, असे मार्ग तिच्यापुढे आहेत. पहिला मार्ग सर्वांत सोपा वाटतो. परंतु रोखे विकत घेणारी दुसरी बँकच असेल, तर त्या बँकेच्या रिझर्व्ह बँकेतील खात्यातून १० कोटी निघून आपल्या बँकेच्या खात्यात येतील. एकीची अडचण दूर झाली आणि दुसरीची वाढली. सीआरआर सर्व बँकांना एकाच वेळी लागू होतो, त्यामुळे सगळ्यांना मिळून एकमेकींकडून ही रक्कम उभी करता येत नाही. रिझर्व्ह बँकेतील शिलकीची एकूण बेरीज बँकांच्या आपसांतील देवघेवीने वाढत नाही. रिझर्व्ह बँकेने स्वतः पैसे पुरवले तरच ती वाढते. म्हणून सीआरआर वाढताच रात्रीपुरत्या कर्जांचे दर चढतात आणि कर्जवाटपाचा हात आखडतो.

त्याऐवजी एसएलआर एका टक्क्याने वाढला, तर काय होईल? आपल्या बँकेला १८० ऐवजी १९० कोटींचे रोखे हवेत. तिच्याजवळ २६० कोटींचे आहेतच. एकाही कर्जदाराला त्या दिवशी काही जाणवणार नाही. फक्त जादा रोखे ८० कोटींवरून ७० कोटींवर येतील आणि अडचणीच्या वेळी गहाण ठेवण्याची तिची ताकद तेवढी कमी होईल.

जवळ केवळ १८२ कोटींचे रोखे असलेल्या दुसऱ्या बँकेला मात्र ही वाढ टोचेल. तिला ८ कोटींचे रोखे विकत घ्यावे लागतील आणि तेवढी कर्जे देता येणार नाहीत. पण येथेही ते ८ कोटी नाहीसे होत नाहीत. रोखे सरकारने नव्याने काढले असतील, तर सरकार ते पैसे वेतन, निवृत्तिवेतन, रस्त्यांचे कंत्राट किंवा धान्यखरेदी यांवर खर्च करते आणि ते कोणत्या तरी बँकेत ठेव म्हणून परत येतात. रोखे दुसऱ्या कोणाकडून घेतले असतील, तर पैसे त्याच्या खात्यात जातात. बँकिंग व्यवस्थेतील पैसा तेवढाच राहतो. कर्ज व्यापाऱ्याला मिळण्याऐवजी सरकारला मिळते. सीआरआर एकूण किती कर्ज देता येईल यावर मर्यादा घालतो, तर एसएलआर त्यातले कोणाच्या वाट्याला जाईल हे ठरवतो. दोहोंतील खरा भेद हा आहे. दोन्ही टक्के एकत्र मिळवून ‘बँकांचे २१ टक्के पैसे अडकले आहेत’ असे म्हणण्याची सवय त्यामुळेच फसवी आहे.

दोन्ही बंधने आवळलेली असताना

एसएलआरचे बंधन नेहमीच असे सैल नव्हते. १९९१ च्या सुमारास एसएलआर साडेअडतीस टक्के होता. सीआरआर १५ टक्के आणि त्यावर वाढीव ठेवींसाठी आणखी १० टक्के असा होता. नव्याने आलेल्या १०० रुपयांच्या ठेवीतून साडेत्रेसष्ट रुपये या दोन नियमांतच जात. उरलेल्या साडेछत्तीस रुपयांत शेती, लघुउद्योग, मोठे कारखाने आणि घरबांधणी यांनी आपापला वाटा शोधायचा होता. त्या काळी सरकारी रोख्यांचे दर बाजार ठरवीत नसे. त्यामुळे बँका स्वखुशीने ते घेत नसत आणि नियमाची रेघ हीच त्यांच्या रोखेसाठ्याची मर्यादा असे. नरसिंहम समितीने १९९१ मध्ये एसएलआर २५ टक्क्यांपर्यंत खाली आणण्याची शिफारस केली आणि १९९७ मध्ये तो तेथे पोहोचला. पुढे रोख्यांना बाजारभाव मिळू लागला तशा बँका आपणहून अधिक रोखे बाळगू लागल्या आणि नियमाची रेघ साठ्याच्या खाली राहिली.

तरी या रेघेचा अर्थ अजिबात संपलेला नाही. सप्टेंबर २००८ मध्ये अमेरिकेतील लेहमन ब्रदर्स बुडाली आणि जगभर पैशाची चणचण झाली, तेव्हा हे दिसून आले. आपल्याकडे ऑक्टोबरमध्ये रात्रीपुरत्या कर्जांचे दर दोन आकड्यांत गेले. रिझर्व्ह बँकेकडून रेपोने पैसे मिळत होते, पण त्यासाठी गहाण ठेवायला जादा रोखे हवेत. एसएलआरच्या रेघेपर्यंत आलेल्या बँकेजवळ रोख्यांचा साठा भरलेला असूनही त्यातला एकही कागद गहाण ठेवता येत नव्हता, कारण गहाण पडलेला रोखा तारणमुक्त राहत नाही. म्हणून १६ सप्टेंबर २००८ रोजी देणींच्या एका टक्क्यापर्यंत या रेघेखाली उतरून उसने घेण्याची मुभा देण्यात आली आणि ८ नोव्हेंबरपासून एसएलआरच २५ वरून २४ टक्के करण्यात आला. याच काळात सीआरआर ९ टक्क्यांवरून जानेवारी २००९ पर्यंत ५ टक्क्यांवर आला. सीआरआरच्या कपातीने बँकांना थेट पैसा मिळाला. एसएलआरच्या कपातीने पैसा मागण्याचा हक्क मिळाला. आणीबाणीतली ती मुभा पुढे २०११ मध्ये मार्जिनल स्टँडिंग फॅसिलिटी या नावाने कायमची झाली. आज देणींच्या २ टक्क्यांपर्यंत एसएलआरमधील रोखे गहाण ठेवून एका रात्रीपुरते कर्ज घेता येते. अर्थात त्याचा दर रेपोहून अधिक असतो.

नोव्हेंबर २०१६ चा पंधरवडा

दोन्ही साधनांतील फरक सर्वांत स्वच्छ दिसला तो नोटाबंदीनंतर. ८ नोव्हेंबर २०१६ च्या मध्यरात्रीपासून ५०० आणि १,००० रुपयांच्या जुन्या नोटा चलनातून बाद झाल्या आणि शाखाशाखांतून त्या भरण्यासाठी रांगा लागल्या. लोकांच्या घरातील नोटा ठेवी झाल्या. बँकांनी त्या रिझर्व्ह बँकेत भरल्या आणि तेथील खाती फुगली. बँकांजवळ अचानक एवढा पैसा आला की त्याचे काय करायचे, हा प्रश्न उभा राहिला. रिझर्व्ह बँक असा जादा पैसा एरवी रिव्हर्स रेपोने काढून घेते, म्हणजे आपल्याजवळचे सरकारी रोखे तारण देऊन बँकांकडून उसने घेते. परंतु आलेल्या पैशाच्या मानाने तिच्याजवळील रोखे अपुरे पडण्याची चिन्हे होती.

तेव्हा २६ नोव्हेंबर २०१६ रोजी तिने जाहीर केले की १६ सप्टेंबर ते ११ नोव्हेंबर या काळात देणींत जेवढी वाढ झाली, तेवढ्या वाढीवर १०० टक्के सीआरआर राखावा. नेहमीचा ४ टक्के सीआरआर त्याखेरीज होताच. १,००० कोटींच्या बँकेची देणी त्या आठ आठवड्यांत ४० कोटींनी वाढली असतील, तर ते ४० कोटी जसेच्या तसे बिनव्याजी रिझर्व्ह बँकेत गेले. त्यांतून एका रुपयाचेही कर्ज देता येत नव्हते. उलट बचत खातेदारांना मात्र त्याच पैशांवर ४ टक्क्यांच्या आसपास व्याज द्यायचे होते.

हेच काम एसएलआर वाढवून का करता आले नसते? बँकांजवळ त्या वेळच्या पावणेएकवीस टक्क्यांच्या अटीहून अधिक रोखे होते, त्यामुळे थोड्या वाढीने काहीच हलले नसते. मोठी वाढ केली असती, तर साऱ्या बँका रोखे घेण्यासाठी धावल्या असत्या आणि रोख्यांच्या किमती चढल्या असत्या. शिवाय जादा पैसा विकणाऱ्यांच्या खात्यांतून पुन्हा बँकांतच फिरत राहिला असता. व्यवस्थेतून पैसा बाहेर काढायचा असेल, तर एसएलआर हे त्यासाठीचे हत्यार नव्हे.

या नियमाला एक मनोरंजक पुरवणी आहे. २ डिसेंबर २०१६ रोजी बाजार स्थिरीकरण योजनेची मर्यादा ३० हजार कोटींवरून ६ लाख कोटी रुपयांवर नेण्यात आली आणि १० डिसेंबरपासूनच्या पंधरवड्यात वाढीव सीआरआर मागे घेतला गेला. या योजनेत सरकार रोखे काढते, बँका ते घेतात. पण मिळालेले पैसे सरकार खर्च करीत नाही, ते रिझर्व्ह बँकेतील एका वेगळ्या खात्यात पडून राहतात. बँकेच्या दृष्टीने तो साधा सरकारी रोखाच, व्याजही मिळते. परिणाम मात्र सीआरआरसारखा. पैसा कोणत्या कागदाने बाहेर गेला यापेक्षा तो परत खर्चात येतो की नाही, हेच महत्त्वाचे असते, हे यातून उघड होते.

कर्जदाराच्या दरात कोण दिसते

सीआरआरचा दुसरा परिणाम कर्जाच्या दरात होतो. आपल्या बँकेला ठेवींवर सरासरी ६ टक्के व्याज द्यावे लागते असे धरू. १,००० कोटींवर ६० कोटी. पण वापरायला मिळतात ९७० कोटीच. ६० भागिले ९७० म्हणजे जवळजवळ ६.१९ टक्के. शंभर रुपयांमागे सुमारे एकोणीस पैशांचा हा भार कोणी तरी उचलायला हवा. एप्रिल २०१६ पासून लागू झालेल्या एमसीएलआर पद्धतीत सीआरआरमुळे बुडणाऱ्या व्याजाचा घटक म्हणून तो उघडपणे धरला जातो. एसएलआरसाठी तसा घटक तेथे नाही. २०१० च्या बेस रेट पद्धतीत तो होता. सरकारी रोख्यांवर बाजारभावाने व्याज मिळत असताना त्यांना निव्वळ तोटा मानण्याचे कारण उरले नाही, असा हा बदल वाचता येतो.

रोख्यांत तोटा नाही, असे मात्र नाही. व्याजदर चढले की जुन्या रोख्यांची किंमत उतरते. एसएलआर कमी झाला म्हणून बँकेने ते रोखे विकून कर्जे द्यायची ठरवली, तर विक्रीतला हा तोटा आधी सोसावा लागतो. याखेरीज लिक्विडिटी कव्हरेज रेशो या नियमाखाली तीस दिवसांच्या संभाव्य मागणीसाठीही बँकांना असेच रोखे हाताशी ठेवावे लागतात. त्यामुळे एसएलआरची रेघ खाली आली तरी रोख्यांचा साठा फारसा खाली येत नाही. २०२० च्या कपातीचा गाजावाजा न होण्यामागे हीच कारणे होती.

एखाद्या बँकेला यांपैकी कोणते बंधन खरोखर जाणवत आहे, हे तिच्या वार्षिक अहवालावरून कोणालाही ताडता येते. ताळेबंदाच्या अनुसूची ६ मध्ये रोख आणि रिझर्व्ह बँकेतील शिल्लक असते, अनुसूची ८ मध्ये गुंतवणूक आणि अनुसूची ९ मध्ये कर्जे. अनुसूची ८ मधील भारतातील सरकारी रोख्यांची रक्कम घेऊन तिला ठेवींच्या रकमेने भागावे. ठेवी आणि देणी तंतोतंत एक नसल्या तरी अंदाजासाठी हे पुरेसे आहे. उत्तर १८ टक्क्यांच्या बरेच वर, समजा २५ टक्के आले, तर त्या बँकेच्या कर्जांना एसएलआर अडवीत नाही. तिच्या व्यवस्थापनाचे धोरण, भांडवल किंवा कर्जाची मागणी यांत कारण शोधावे. उत्तर १८ ते १९ च्या दरम्यान असेल, तर रोखे विकून पैसे उभे करण्याची वाट जवळजवळ बंद आहे आणि नवे कर्ज नव्या ठेवीतूनच देता येईल, असे समजावे. आपत्तीच्या रात्री अशा बँकेजवळ गहाण ठेवायलाही देणींच्या २ टक्क्यांची ती मुभाच काय ती शिल्लक असेल.